सराफाची मोडीची पावती दाखवली की रोख रकमेची नोटीस सुटते का?

प्रश्न: माझं वय ६३, नवऱ्याची फॅमिली पेन्शन आहे. सासूबाईंचे वडिलोपार्जित दागिने (पाटल्या, गोठ, बोरमाळ, पुतळ्यांची माळ) नोव्हेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ मध्ये दोन सराफांकडे मोडले, पाच पावत्या आहेत, मिळून ९ लाख ८६ हजार, सगळे रोख मिळाले. जानेवारीत बँकेत एकूण साडेअकरा लाख भरले. रिटर्न भरलं होतं पण त्यात दागिने दाखवले नाहीत. आता इन्कम टॅक्सकडून केस पुन्हा उघडल्याची १४८ ची नोटीस आलीये. सराफाच्या पावत्या जोडल्या की झालं का? सासूबाईंच्या हातची यादी पण आहे, १८ तोळे लिहिलंय.

उत्तर:

ताई, पावत्या जोडाच, पण तेवढ्यावर सुटका होईल असं धरून चालू नका. मोडीची पावती हा तुमच्या गोष्टीतला शेवटचा कागद आहे, पहिला नाही. ऑफिसर उलट्या बाजूने विचारत येतो, बँकेत पैसे आले ते कुठून, सराफाकडून आले तर सराफाने खरंच दिले का, आणि दिले तर तेवढं सोनं तुमच्याकडे मुळात होतं कशावरून. यातली एक कडी तुटली तरी तो म्हणतो की पैसे आधीच होते आणि पावती नंतर आणली. सव्वीस वर्षं ही कामं करतोय, बहुतेक केसेस पहिल्या कडीवर अडकतात, म्हणजे सोनं होतं का यावर, आणि लोक मात्र सगळा जोर पावतीवर लावून बसतात.

किती मोठा फरक पडतो ते आधी बघा म्हणजे मेहनत कुठे घ्यायची कळेल. ऑफिसरला पटलं नाही तर तो ही रक्कम हिशोब न लागलेला पैसा म्हणून कलम ६९ए खाली घालतो आणि टॅक्स ११५बीबीई प्रमाणे लागतो, ६० टक्के, त्यावर सरचार्ज आणि सेस धरून ७८ टक्के. तुमच्या ९.८६ लाखावर हे साधारण ७ लाख ६९ हजार होतात, व्याज आणि दंड वेगळा. पटलं, तर ती दागिन्यांची विक्री म्हणजे लाँग टर्म कॅपिटल गेन. तुमच्या वर्षाला जुना नियम आहे, १ एप्रिल २००१ ची किंमत धरून इंडेक्सेशन, म्हणजे ती किंमत महागाईप्रमाणे वाढवायची, आणि मग नफ्यावर २० टक्के. (२३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला साडेबारा टक्के विना इंडेक्सेशन, तो तुमच्याकडे लागू नाही, कोणी काहीही सांगू दे.) २००१ ला २२ कॅरेटच्या आसपासच्या सोन्याचा भाव व्हॅल्युअरने समजा १० ग्रॅमला ३,८०० धरला आणि तुमचं सोनं २०६ ग्रॅम धरलं तर त्याचे ७८ हजार, त्याला इंडेक्स ३३१ म्हणजे ३.३१ ने गुणलं की २ लाख ५९ हजार, ते ९.८६ मधून वजा केले की नफा सव्वासात लाखाच्या आसपास आणि टॅक्स दीड लाखाच्या आत, वर सेस आणि व्याज. म्हणजे टॅक्स लागणारच आहे. "वडिलोपार्जित आहे म्हणून टॅक्स नाही" हा समज खूप पक्का बसलेला असतो, वारशाने मिळताना टॅक्स नाही, विकताना आहे.

आता पहिली कडी, सोनं होतं का. सासूबाईंची यादी आहे म्हणता, फार छान, पण त्यात एक सापळा आहे आणि त्यात मी स्वतः पडलोय म्हणून सविस्तर सांगतो. जुन्या यादीतला तोळा हा आजचा १० ग्रॅमचा तोळा नाही. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा मासे, शहाण्णव गुंजा. २०१८ च्या सुमाराला माझ्याकडे नोटाबंदीतली एक फाईल होती, यादीत २४ तोळे आणि पावतीत २७८ ग्रॅम. मी घाईत उत्तरात २४ तोळे म्हणजे २४० ग्रॅम असं टाइप करून मोकळा झालो. ऑफिसरने लगेच पकडलं की ३८ ग्रॅम जास्त कुठून आले, आणि त्यावरून सगळी यादीच बनावट ठरवली. प्रत्यक्षात २४ जुने तोळे म्हणजे २८० ग्रॅम, दोन ग्रॅम झिजले, इतकं सरळ होतं ते. अपिलात सुटलं, पण दीड वर्ष गेलं आणि क्लायंटचं बोलणं मला ऐकून घ्यावं लागलं. तुमचे १८ तोळे म्हणजे २१० ग्रॅम. तुमच्या पाच पावत्यांची नेट वजनं जोडा, वरचं गणित मी २०६ धरून केलंय, बेरीज तेवढी किंवा त्याच्या आसपास आली तर ही यादी तुमच्या बाजूचा सगळ्यात मजबूत कागद होईल, कारण बनावट यादी लिहिणारा माणूस १८० ग्रॅमच्या हिशोबाने १८ तोळे लिहितो. बेरीज २१० च्या वर जात असेल तर मात्र आधी घरात विचारा की यात अजून कोणाचा दागिना गेला होता.

आणि नेट वजनच बघा, ग्रॉस नाही. बोरमाळेच्या मण्यात लाख भरलेली असते, पुतळ्यांच्या माळेला रेशीम गोंडा असतो, ते वजन सराफ कापतो. पावतीवर ग्रॉस २२१ आणि नेट २०६ असं काही दिसलं तर घाबरू नका, ते उलट चांगलं, खऱ्या जुन्या दागिन्याची हीच खूण असते. नुसतं "जुने सोने २०६ ग्रॅम" अशी गोल पावती जास्त संशयाची.

यादीच्या जोडीला अजून काय मिळतं ते शोधा. लग्नातले फोटो सगळेच जोडतात, त्यात ऑफिसरला वजन दिसत नाही, पण गोठ आणि पाटल्या हातात दिसत असतील तर दागिना होता एवढं तरी निघतं. त्यापेक्षा फार भारी कागद म्हणजे जुन्या सोनेतारण कर्जाची चिठ्ठी. पतसंस्थेत किंवा को-ऑप बँकेत कधी हे दागिने ठेवून कर्ज काढलं असेल, मुलाच्या इंजिनिअरिंगला किंवा घराच्या स्लॅबला, तर त्यांच्या व्हॅल्युअरने वजन करून दागिन्याच्या नावासकट लिहिलेलं असतं आणि तो तिसऱ्या माणसाचा कागद असतो. दुसरं, लॉकर. लॉकर असेल तर बँकेकडे लेखी मागा की पहिल्या पावतीच्या तारखेच्या आसपास लॉकर कधी उघडला त्याची नोंद द्या. पावतीच्या आदल्या दिवशी लॉकर उघडल्याची सही सापडली तर बाकी शंभर शब्दांपेक्षा ती जास्त बोलते. तिसरं, २०१६ च्या आधी घरातल्या कोणी वेल्थ टॅक्सचं रिटर्न भरलं असेल तर ते, पण आपल्या मध्यमवर्गीय घरात ते क्वचितच.

यातलं काहीच नसेल तरी इन्कम टॅक्सच्या केंद्रीय बोर्डाचं, म्हणजे सीबीडीटीचं, ११ मे १९९४ चं एक इन्स्ट्रक्शन आहे, नंबर १९१६. धाडीत लग्न झालेल्या बाईचे ५०० ग्रॅमपर्यंत दागिने जप्त करू नका असं त्यात आहे, अविवाहित मुलीचे २५०, पुरुषाचे १००. ते धाडीपुरतं आहे हे खरं, पण कोर्टांनी आणि ट्रिब्युनलनी त्याचा अर्थ असा घेतलाय की आपल्या रितीरिवाजाच्या घरात तेवढं सोनं असणं साहजिक आहे. २०६ ग्रॅम त्यात आरामात बसतं. फक्त एकट्या या इन्स्ट्रक्शनवर उभं राहू नका, कारण ते सांगतं की सोनं असू शकतं, तुम्ही ते विकलं हे सांगत नाही.

एक शब्द बदला. तुम्ही "वडिलोपार्जित" लिहिलंय, बोलताना आपण सगळेच बोलतो, पण उत्तरात तो शब्द लिहिला की ऑफिसर विचारतो मग हे एकत्र कुटुंबाचं का, टॅक्स एचयूएफच्या हातात का नाही. तुमच्या बाबतीत हे सासूबाईंचं स्त्रीधन आहे. आता त्यांनी हयातीत तुम्हाला दिलं की त्यांच्या मागे आलं हे खरं काय ते ठरवा आणि तेच लिहा. हयातीत दिलं असेल तर सून ही नात्यात बसते, गिफ्टवर टॅक्स नाही. मागे आलं असेल तर कायद्याने त्यांच्या मुलामुलींचा सगळ्यांचा हक्क होता, म्हणजे तुमच्या नणंदेचाही. मग नणंदेचं स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र घ्या की आईचे हे दागिने घरच्या समजुतीने वहिनीकडे राहिले, माझा हक्क नाही. नणंद देणार नाही असं वाटत असेल तर आधी तिच्याशी बोला, ऑफिसरने पत्र पाठवल्यावर तिला कळलं तर ते जास्त वाईट. सासूबाईंच्या मृत्यूचा दाखला जोडा.

आता पावत्या आणि रोख, इथे तुमच्या केसचा खरा काटा आहे. कलम २६९एसटी १ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. एका दिवसात एका माणसाकडून, किंवा एकाच व्यवहारात, किंवा एकाच प्रसंगाशी जोडलेल्या व्यवहारांत दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायची नाही. मोडलं तर २७१डीए खाली घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, जेवढे घेतले तेवढाच दंड. शंभर टक्के. ऑफिसरला पटवून ७८ टक्के वाचवले आणि तिकडे शंभर टक्के लागले असं होऊ शकतं, म्हणून हे उत्तर लिहायच्या आधी वकिलाने किंवा सीएने तपासायचं असतं, नंतर नाही.

म्हणून तारखा आणि रकमा लिहून काढा. समजा पहिल्या सराफाच्या पावत्या १४, १५ आणि १६ नोव्हेंबरच्या आहेत, १,९८,०००, १,९७,५०० आणि १,९६,५००, आणि दुसऱ्याकडच्या दोन २० डिसेंबर आणि १० जानेवारीच्या, १,९८,००० आणि १,९६,०००. बेरीज बरोबर ९.८६ लाख. अशा रकमा बघून ऑफिसर कसा हसतो ते मी समोर बसून पाहिलंय. दुसऱ्या सराफाच्या दोन पावत्यांना वेगळे दागिने, एकवीस दिवसांचं अंतर, ते बऱ्यापैकी निभावतं. पहिल्याच्या तीन मात्र लागोपाठच्या. इथे मी तुम्हाला एकच प्रश्न विचारेन आणि खरं उत्तर मागेन, दागिने तीन दिवस वेगवेगळे नेले का, की १४ तारखेला सगळे एकदम देऊन आले आणि सराफ म्हणाला पैसे तीन दिवसांत घेऊन जा, पावत्या तशा करून देतो? वेगवेगळे नेले असतील, पहिल्या दिवशी पाटल्या, दुसऱ्या दिवशी गोठ, आणि पावतीवर तसंच वर्णन असेल, तर तीन वेगळे व्यवहार म्हणून मांडता येतं. एकदम दिले असतील तर तो एकच व्यवहार, ५ लाख ९२ हजारांचा, आणि तो पावत्यांचे तुकडे करून लपत नाही. अशा वेळी मी खरंच लिहायला सांगतो, आणि दंडाची कारवाई आली तर तिथे वेगळं उत्तर देतो की योग्य आणि पुरेसं कारण होतं, कायद्यात ती सवलत आहे, बाई एकटी, सराफाने जे सांगितलं ते केलं, आणि रक्कम लपवली नाही, दोन महिन्यांत बँकेतच आणली. दरवेळी ते मान्य होतंच असं नाही.

आणि आता सराफाकडे जाऊन "पावत्या जरा वेगळ्या तारखांच्या करून द्या" असं म्हणायचा विचार डोक्यात आला असेल तर तो तिथेच सोडा. पावतीचा सिरीयल नंबर त्याच्या पुस्तकात आधीच्या आणि नंतरच्या पावत्यांच्या मध्ये बसावा लागतो. ऑफिसर १३३(६) खाली सराफाला पत्र पाठवतो आणि खरेदी रजिस्टर, स्टॉक आणि कॅशबुक मागवतो. पावती नंबर ४१२ वर १५ नोव्हेंबर आणि ४११ वर डिसेंबर आला की तुमची खरी विक्री पण खोटी ठरते, वर खोटं सादर केल्याचा २७७ चा खटला. एका टॅक्सच्या भानगडीतून फौजदारी कशाला घेताय.

सराफाची अडचण पण समजून घ्या. त्याला एका माणसाला एका दिवसात दहा हजाराच्या वर रोख दिलं की ४०ए(३) मुळे तो खर्च त्याच्या उत्पन्नातून वजा मिळत नाही. म्हणून बरेच सराफ जुनं सोनं घेताना चेकच देतात, आणि जे रोख देतात त्यांतले काही जण पुस्तकात ती खरेदी दुसऱ्याच पद्धतीने लिहितात किंवा लिहीतच नाहीत. म्हणून नोटिशीला उत्तर देण्याआधी दुकानात जा, मुनीमजींना भेटा आणि यूआरडी, म्हणजे नोंदणी नसलेल्या माणसांकडून केलेल्या खरेदीच्या रजिस्टरमध्ये तुमच्या पाच पावत्यांची नोंद डोळ्यांनी बघा. नोंद असेल तर त्या पानाची सही-शिक्क्यासह कॉपी आणि लेटरहेडवर कन्फर्मेशन घ्या, त्यात पावती नंबर, तारीख, ग्रॉस-नेट वजन, टंच म्हणजे सोन्याची शुद्धता, दर, रक्कम, रोखीने दिले, आणि दुकानाचा जीएसटी नंबर. बघायला सोपी खूण अशी की खऱ्या मोडीच्या पावतीवर टंच असतो, ८८, ९१ असं काहीतरी, आणि दर त्या दिवशीच्या बाजारभावाला टंचाने गुणून येतो. तुम्ही तो गुणाकार करून बघा, फार फरक पडला तर सराफाला विचारून ठेवा, ऑफिसर विचारायच्या आधी. दुकान बंद पडलंय किंवा सराफ टाळतोय तर त्याला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवा, पोच जपून ठेवा, आणि उत्तरात लेखी मागणी करा की तुम्ही १३३(६) किंवा १३१ खाली त्याला बोलवा. हे मागून ठेवलं तर अपिलात उपयोग होतो.

शेवटची कडी, सराफाकडून बँकेपर्यंत. तुमची विक्री ९.८६ आणि भरणा ११.५०, म्हणजे १ लाख ६४ हजार सोन्यातून आलेले नाहीतच. ते पावत्यांच्या आड दडपू नका, वेगळे सांगा. पेन्शन खात्यातून मागच्या वर्षभरात काढलेली रक्कम आणि घरखर्च यावरून किती शिल्लक राहू शकते ते पासबुकातून दाखवा. जेवढी बसते तेवढी लिहा, उरलेल्यावर टॅक्स भरायची तयारी ठेवा, एखाद-दीड लाखासाठी सगळी गोष्ट संशयात घालू नका. आणि एक रोख तक्ता करा, तारीख, कुठून आले, किती, हातात किती, बँकेत किती. तुमचा साधारण असा दिसेल: १६ नोव्हेंबरला हातात ५.९२, २० डिसेंबरला ७.९०, १० जानेवारीला ९.८६, वर घरातली शिल्लक १.६४, मग १२ जानेवारीला ७ लाख भरणा, १६ जानेवारीला ४.५० लाख भरणा, हातात शून्य (तारखा तुमच्या पासबुकातल्या घाला). एकाही ओळीत हातातली रक्कम मायनस जाता कामा नये, मायनस गेली म्हणजे पैसे आले त्याआधी भरले, आणि तिथेच केस संपते. दोन महिने घरी का ठेवले याचंही एका वाक्यात कारण द्या, मुलाच्या फ्लॅटचं बुकिंग व्हायचं होतं असं काही असेल तर बिल्डरची पावती लावा.

आता क्रम. १४८ ची नोटीस आलीय म्हणजे आधी तिच्यात दिलेल्या मुदतीत रिटर्न भरा, आयटीआर २, आणि त्यात कॅपिटल गेन दाखवून व्याजासह टॅक्स भरा.  काही जण सांगतील आधी बघू काय म्हणतात, मग भरू. मी नाही सांगत. रिटर्नमध्ये नफा शून्य आणि उत्तरात "दागिने विकले", हे एकमेकांना खोटं पाडतं. २००१ च्या भावासाठी रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा रिपोर्ट घ्या, दागिने हातात नसले तरी पावतीवरच्या वजन-टंचावरून तो देतो.

मग पोर्टलवर e-Proceedings मध्ये उत्तर. दहा पानं लिहू नका. एक पान, त्यात इतकंच की हे सासूबाईंचं स्त्रीधन, अमुक साली माझ्याकडे आलं, यादीत १८ जुने तोळे म्हणजे २१० ग्रॅम, इतके ग्रॅम नेट मोडले, दोन सराफ, पाच पावत्या, कॅपिटल गेन रिटर्नमध्ये दाखवला, रोख तक्ता सोबत. मागे कागद नंबर घालून, आणि यादीत मोडी लिपीत किंवा जुन्या अक्षरात काही असेल तर खाली स्वच्छ टाइप केलेली प्रत. फोटो मोबाईलवर काढून जड फाईल चढवू नका, अपलोड अर्धवट राहतं आणि ऑफिसरला कोरं पान दिसतं, चढवल्यावर एकदा डाउनलोड करून बघा. कारणे दाखवा नोटीस आली आणि तो वाढ करायच्या बेतात दिसला तर व्हिडिओ कॉलवर सुनावणी मागा, समोर कोणी ऑफिसर बसत नसला तरी तो हक्क आहे.

तरीही ऑर्डर विरोधात गेली तर तीस दिवसांत फॉर्म ३५ मध्ये अपील, आणि डिमांडला स्टे मागताना साधारण वीस टक्के भरायला सांगतात. म्हणून सासूबाईंची मूळ यादी कोणालाही देऊ नका, सीएलाही झेरॉक्सच द्या. कागद जुना आहे, शाई फिकी असेल, लॅमिनेशन मात्र अजिबात करू नका.